सायरनला ओ देणारी कुत्री

मंडळी, प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. रात्रीचे दोन वाजलेत. दूरवर रुग्णवाहिकेचा सायरन सुरू होतो. कोपऱ्यावर वेटोळं करून पडलेलं कुत्रं मान वर करतं, तोंड आभाळाकडे नेतं आणि एक लांबलचक सूर लावतं. पाच-सात सेकंदांत दुसरं सामील होतं, मग तिसरं, मग पलीकडच्या गल्लीतली चार. सायरन निघून जातो, पण हे चालूच राहतं.

याला आपण 'कुत्री रडतायत' म्हणतो आणि या शब्दानेच निम्मा घोटाळा होतो. रडणं म्हटलं की दुखणं आलं. मग लगेच कुणीतरी सांगतं, कुत्र्याचे कान तीक्ष्ण असतात, सायरनने ते दुखतात, म्हणून ते कळवळतं. ऐकायला पटतं. पण कान दुखल्यावर कुत्रं काय करतं ते आपण पाहिलेलं आहे. फटाका फुटला की शेपूट पायांत जाते, कान मागे पडतात, अंग थरथरतं आणि ते गाडीखाली, जिन्याखाली, मिळेल तिथे घुसतं. हेल काढत बसत नाही. सायरन ऐकून सूर लावणारं कुत्रं नीट पाहा. ते जागेवर उभं असतं किंवा बसलेलं असतं, मान वर, ओठांचा चंबू. पळून जायला रस्ता मोकळा असतो आणि ते पळत नाही. दोन हातांवर सायरन किंचाळला तर दुखेल, नक्की दुखेल, आणि तेव्हा ते पळेलच. पण सूर लागतो तो बहुधा सायरन लांब असताना.

आणखी एक. कुत्र्याचे कान आपल्याहून सरस ठरतात ते वरच्या पट्टीत. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत. पण सायरनचा मुख्य आवाज असतो हजार हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे त्याच्या आणि आपल्या कानांत फार फरक नाही. तेव्हा 'तीक्ष्ण कान' हे उत्तर इथे मला लंगडं वाटतं.

मग कारण काय? माझ्या मते ते आवाजाच्या मोठेपणात नाही, आकारात आहे. त्यासाठी आधी सायरनची चौकशी करू.

१८१९ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने भोकं पाडलेली एक तबकडी हवेच्या झोतासमोर फिरवली. प्रत्येक भोक झोतासमोरून गेलं की हवेचा एक ठोका बाहेर पडतो. ठोके भराभर पडू लागले की त्यांचा सूर होतो. हे यंत्र पाण्याखालीही वाजायचं, म्हणून त्याने पुराणकथेतल्या गाणाऱ्या जलकन्यांचं नाव त्याला दिलं. जुने भोंगे याच तत्त्वावर चालत. समजा चक्राला १२ खाचा आहेत आणि ते सेकंदाला ५० फेरे घेतंय, तर सूर निघतो बारा गुणिले पन्नास, म्हणजे ६०० हर्ट्झचा. पण मोटर सुरू झाल्या झाल्या चक्र ५० फेरे घेत नाही. ते हळूहळू वेग पकडतं, म्हणून सूर खालून वर चढतो. मग वेग स्थिरावतो, सूर ठरतो. बटण बंद केलं की चक्र मंदावत थांबतं आणि सूर खाली घसरतो. चढला, ठरला, उतरला. ही त्या जड चक्राची अडचण होती, कुणी ठरवून केलेली रचना नव्हती. पुढे इलेक्ट्रॉनिक सायरन आले, त्यांच्यात चक्र नाही, तरी तोच चढउतार मुद्दाम ठेवला गेला.

आता लांडग्याची हाक घ्या. ती खालून सुरू होते, झटकन चढते, एका उंचीवर बराच वेळ टिकते आणि शेवटी घसरते. थिबर्ज आणि फॉल्स या दोघांनी १९६७ साली लांडग्यांच्या हाकांची मोजमापं प्रसिद्ध केली. मूळ सूर १५० ते ७८० हर्ट्झ, लांबी अर्ध्या सेकंदापासून अकरा सेकंदांपर्यंत. कुत्र्याचं शरीर लहान, म्हणून त्याचा सूर त्याहून वर असतो. सायरनची पट्टी साधारण ५०० ते १५०० हर्ट्झ. म्हणजे दोन्ही आवाज एकाच मोहल्ल्यातले. आणि सायरनचा संथ प्रकार, ज्याला 'वेल' म्हणतात, तो मिनिटाला १० ते ३० वेळा चढतो-उतरतो. एका चढउताराला दोन ते सहा सेकंद. एका हाकेला लागतात तेवढेच!

त्याच सायरनमध्ये दुसरं बटण असतं, 'येल्प'. गंमत अशी की इंग्रजीत कुत्र्याच्या तुटक केकाटण्यालाच येल्प म्हणतात. हा मिनिटाला १५० ते २५० वेळा चढउतार करतो. एवढ्या घाईत हाकेचा आकार उरत नाही, नुसती कुरकुर होते. चालकाने चौकात बटण बदललं की कुत्र्यांचं काय होतं, याकडे जरा कान ठेवा.

इथे नेहमी कुणीतरी डॉप्लर काढतं. गाडी जवळून जाताना सूर पडतो, म्हणून कुत्री रडतात, असं. हिशेब करू. गाडी ताशी ६० किलोमीटरने आली तर हजार हर्ट्झचा सूर येताना १०५१ आणि जाताना ९५४ ऐकू येतो. फरक दहा टक्क्यांचा. सायरन स्वतःच दर चढउताराला तिप्पट वर जाऊन येतोय, त्यापुढे या दहा टक्क्यांना कोण विचारतो? डॉप्लर सोडून द्या.

आकाराची ही गोष्ट लागू पडली की बाकीचे आवाजही उलगडतात. बासरी, माउथऑर्गन, गायकाचा लांब आलाप यांना कुत्री साथ देतात. पातेलं पडलं, दार आपटलं, तर देत नाहीत, भुंकतात. भुंकणं आखूड आणि खरबरीत असतं, हाक लांब आणि सुरेल. जशी साद, तसा प्रतिसाद. मराठीत यासाठी छान शब्द आहे, 'ओ देणे'. कुत्रं रडत नाही, ते ओ देतं.

तुम्ही म्हणाल, हा तर्क झाला, पुरावा काय? पुरावा रानातला आहे. अमेरिकेत कायोट नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी आहे. तो रात्री फिरतो, दिसत नाही, मग मोजायचा कसा? संशोधकांनी गाडीवर सायरन बसवला, ठरलेल्या ठिकाणी थांबून वाजवला आणि कुठून किती आवाज येतात ते टिपलं. १९७८ साली या पद्धतीचा पडताळा छापूनही आला. म्हणजे आपल्याला जी झोपमोड वाटते, ती तिकडे प्राणी मोजायची रीत झाली. उत्तर मिळतं म्हणूनच ती चालते.

पण उत्तर सगळेच देत नाहीत, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हॅरिंग्टन आणि मेक यांनी मिनेसोटाच्या जंगलात सायरनऐवजी स्वतः लांडग्यासारखी हाक घालून पाहिली. त्यांचं काम १९७९ साली प्रसिद्ध झालं. कळपातले लांडगे ओ देत. शिकारीवर बसलेले असले तर जास्तच, कारण ती जागा सोडायची नसते. एकटा, बिनकळपाचा लांडगा मात्र बहुधा गप्प राही. त्याच्या बाजूने बघा. ओ देणं म्हणजे आपला पत्ता सांगणं. पाठीशी कुणी नसताना पत्ता कशाला सांगायचा?

रस्त्यावरच्या कुत्र्यांचीही टोळी असते, हद्द असते, आणि शेजारच्या टोळीशी भांडण असतं. रोममध्ये मोकाट कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की समोरची टोळी आपल्याहून मोठी असेल तर कुत्री पुढे जायला कचरतात. म्हणजे डोकी किती, याचा अंदाज त्यांना लागतो. अंधारात डोकी दिसत नाहीत, आवाज पोचतात. आता समूहस्वराची करामत पाहा. लांडगे एकत्र सूर लावतात तेव्हा एका पट्टीत येत नाहीत, उलट फुटून वेगवेगळ्या उंचीवर जातात, सूर हलवत राहतात. भजनी मंडळाने हे केलं तर आपण उठून जाऊ. पण याने तिघांचा आवाज सात-आठ जणांचा वाटतो, ऐकणाऱ्याला मोजणी लागत नाही. कोल्ह्यांच्या अशा गलक्याला आपल्या भाषेने 'कोल्हेकुई' हा शब्दच दिला.

म्हणून गल्लीतल्या त्या रात्रीचे दोन भाग करावे लागतात. सायरनला ओ देतं ते पहिलं कुत्रं. दुसरं आणि तिसरं बहुतेक वेळा पहिल्या कुत्र्याला ओ देत असतात. आणि पलीकडच्या गल्लीतली चार या तिघांना. ओळखायचं कसं? सायरन गेल्यावर ऐका. नुसत्या सायरनचा परिणाम असता तर सायरनबरोबर सगळं थांबलं असतं. पण एक गल्ली दमते, दुसरी चढवते, पहिली पुन्हा उठते, असं मिनिटभर चालतं. सायरन तोवर दोन चौक पार करून गेलेला असतो.

मग पाळलेलं कुत्रं सोफ्यावर ढिम्म का बसतं, असा प्रश्न नेहमी येतो. २०२३ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी ६८ पाळीव कुत्र्यांना लांडग्यांच्या हाका ऐकवल्या. वंशाने लांडग्याला जवळच्या जातींनी लांब सूर लावून उत्तर दिलं. अलीकडे घडवलेल्या जाती भुंकण्याकडे वळल्या. हा फरक दिसला तो पाच वर्षांहून मोठ्या कुत्र्यांत. म्हणजे हाक ऐकू सगळ्यांना येते, पण काही जातींत तिला हाकेनेच ओ द्यायची खोड पुसट झालेली आहे. रस्त्यावरचं कुत्रं कुणी निवडून पैदा केलेलं नसतं, त्यामुळे त्याच्यात ती शिल्लक राहिली, असा माझा अंदाज.

कुत्र्याला सायरन म्हणजे खरंच कुत्रं वाटतं का? मला नाही वाटत. समोरच्याने जांभई दिली की आपल्याला येते, तेव्हा आपण विचार करून जांभई देत नाही. आकार ओळखीचा असला की तोंड वर जातं, एवढंच.

मागे एकांनी विचारलं, आमच्या गल्लीत एक म्हातारी कुत्री आहे, बाकी सगळी गळा काढतात, ही डोळे मिटून पडून राहते, बहिरी असेल का? मी म्हटलं, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज करून बघा. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला. पुडा हातात घेतल्याबरोबर ती उठून आली. कान शाबूत होते. मग त्यांनीच पुढचं सांगितलं: ती दुसऱ्या वस्तीतून आलेली, इथल्या टोळीने तिला अजून जवळ केलेलं नाही, खायलाही ती सगळ्यांच्या मागून जाते.