रात्रपाळीतली ‘दाय’

जळगावची एमआयडीसी. रात्रीचा दीड वाजलाय. डाळमिलमध्ये तुरीचा शेवटचा ट्रक अकरालाच खाली झाला. आता पहाटे पाचपर्यंत वॉचमनला तासातासाला एक चक्कर मारायची, बाकी गेटवर बसून राहायचं. त्या मधल्या वेळात ते एकाच कानात इअरफोन घालतात. दुसरा कान गेटसाठी मोकळा.

मोबाइलवर दहा-बारा सेकंदांची क्लिप वाजते. एक बाई अहिराणीत बोलतेय. ऐकायचं, मराठी कीबोर्डवर लिहायचं, पुन्हा ऐकत लिहिलेल्यावरून नजर फिरवायची आणि मगच पाठवायचं.

पहिल्या रात्री त्यांनी पंचवीस क्लिपा लिहिल्या. नऊ परत आल्या. बाई म्हणाली होती, ‘तू काय करी राहिना?’ यांनी लिहिलं, ‘तू काय करत आहेस?’ ती म्हणाली ‘दाय’, यांनी लिहिलं ‘डाळ’. घरी स्वतः रोज ‘दाय’च म्हणतात, पण लिहायला बसलं की शाळेतलं शुद्धलेखन आपोआप हातात येतं. या कामात नेमकं तेच चुकतं. हे लिखाण बोली ओळखायला शिकणाऱ्या यंत्रासाठी जातं. आवाज ‘दाय’चा आणि अक्षरं ‘डाळ’ची असली, तर जोडी जुळत नाही. म्हणून तोंडातून निघालं तसंच लिहायचं, अडखळलेला शब्दसुद्धा. शब्द कळलाच नाही तर अंदाज करायचा नाही, ‘अस्पष्ट’ची खूण टाकायची.

तिसऱ्या रात्रीपासून परत येणाऱ्या क्लिपा कमी झाल्या.

हिशेब मात्र आधीच नीट समजून घ्यावा लागतो. पैसे मिळतात ते मंजूर झालेल्या आवाजाच्या मिनिटांचे. आपण किती वेळ बसलो, त्याचे नाही. नवशिक्याला एका मिनिटाच्या आवाजाला सहा-सात मिनिटं सहज लागतात. यांनी पंधरवड्यात ४० मिनिटांचा आवाज लिहिला, त्यातली ३१ मिनिटं मंजूर झाली. मिनिटाला १५ रुपये, म्हणजे ४६५ रुपये. दुरुस्त्या धरून बसणं झालं पाचेक तासांचं. तासाला नव्वदच्या थोडं वर. आणि काम देण्याआधीच कोणी नोंदणीचे पैसे मागितले, तर तिथून उठावं, ते काम नव्हेच.

पैसे पहिल्यांदा पाठवले, ते खात्यात पडलेच नाहीत. पासबुक देना बँकेचं होतं. ती बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, जुने आयएफएससी कोडही पुढे बंद झाले. यांनी पासबुकावरचा तोच जुना कोड भरला होता. सकाळी पाळी सुटल्यावर शाखेत जाऊन नवा कोड आणला, भरला.

त्यानंतर चौथ्या रात्री, तीनच्या चकरेत, खिशातला मोबाइल थरथरतो. ते गोदामाच्या बल्बखाली थांबतात, चष्मा वर करून मेसेज वाचतात. ४६५ रुपये जमा. मग टॉर्च लावून मागच्या भिंतीकडची चक्कर पुरी करतात.