घरी जाणारा कागद

[दृश्य: वॉर्डातलं टेबल, त्यावर डिस्चार्ज कार्ड]

हॉस्पिटलातून सुट्टी झाली की पेशंटच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. ते लिहितो वॉर्डातला रेसिडेंट डॉक्टर, बहुतेक वेळा घाईत, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे असतो दुसरा डॉक्टर. वाचतात मात्र पेशंटची बायको, मेडिकलवाला आणि गावातले फॅमिली डॉक्टर.

समोरचं कार्ड आम्ही नमुन्यादाखल तयार केलंय. पेशंट साठीतला. हृदय कमजोर, अंगावर पाणी चढलेलं, जोडीला जुना मधुमेह. तळाशी सल्ल्याच्या ओळी आहेत.

[पडद्यावर: फ्युरोसेमाइड ४० – ओडी. इन्सुलिन १०यू. एफआर १.५ लि. फॉलोअप – एसओएस.]

पहिली ओळ घेऊ. मेडिसिनच्या वॉर्डात ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. हाच पेशंट मधुमेहामुळे डोळे दाखवायला जातो, तेव्हा तिथल्या कागदावरही ‘ओडी’ असतं. तिथे त्याचा अर्थ उजवा डोळा! दोन्ही लघुरूपं लॅटिनमधून आलेली, आपापल्या विभागात बिनचूक. घरी मात्र दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत राहतात.

‘दिवसातून एकदा’ असं लिहिलं तरी काम अर्धंच होतं. फ्युरोसेमाइड लघवीवाटे पाणी काढतं. रात्री जेवणानंतर घेतलं तर पेशंट रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या करतो, आणि वैतागून दोन दिवसांनी गोळी बंद करतो. म्हणून ओळ अशी हवी: ‘फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम. अंगावरचं पाणी उतरवण्याची गोळी. रोज सकाळी एक.’ कशासाठी आणि केव्हा, हे दोन्ही त्यात आलं.

दुसऱ्या ओळीतलं ‘यू’ म्हणजे युनिट. हाताने लिहिताना आकड्याला चिकटलेलं इंग्रजी यू शून्यासारखं दिसतं, आणि दहाचे शंभर होतात. इन्सुलिनच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली हॉस्पिटलांसाठी वापरू नयेत अशा लघुरूपांची यादी लागू केली, तिच्यात हे ‘यू’ आहे. आपल्याकडे २०१६ साली मेडिकल कौन्सिलने औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. पण सुवाच्य ‘ओडी’ घरच्यांना तितकंच अगम्य असतं.

[दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर पाण्याची बाटली]

तिसरी ओळ, एफआर. फ्लुइड रिस्ट्रिक्शन. लघुरूप सोडवलं म्हणून घरच्यांना काय कळलं? मराठीत ‘द्रवपदार्थ मर्यादित ठेवा’ लिहिलं तरी तीच गत. बाई पाणी मोजून देतील, वर चहा, ताक, आमटी चालूच. तेव्हा लिहायचं ते असं: ‘दिवसभरात सगळं मिळून दीड लिटर. चहा, दूध, ताक, आमटीचं पातळ पाणी, सगळं यातच धरा.’

आता ‘फॉलोअप एसओएस’. चारही ओळींत ही सगळ्यात फसवी. ‘गरज पडल्यास या’ असा तिचा अर्थ, आणि हे तीन शब्द वाचता कुणालाही येतात. पण गरज पडली हे ओळखायचं कसं? लिहिणाऱ्याला ते पाठ असतं, म्हणून तो लिहीत नाही. खरं तर सांगायचं असतं ते हे: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पायांची सूज वाढली किंवा आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा. एका लघुरूपाच्या जागी तीन ओळी आल्या. कागद लांबतो, लांबू द्यावा.

मग डॉक्टरी भाषा सगळीच काढायची? नाही. फॅमिली डॉक्टरांना निदानाचं नेमकं नाव, इकोचा आकडा, क्रिएटिनिन लागतंच. तो मजकूर दुसऱ्या पानावर, लघुरूपं पूर्ण लिहून द्यावा. कारण ‘एमएस’ म्हणजे हृदयाची अरुंद झालेली झडप की मज्जासंस्थेचा आजार, हे दुसऱ्या डॉक्टरलाही अंदाजानेच ठरवावं लागतं.

कार्ड जमलं का, हे तपासायला मिनिटभर पुरतं. ‘समजलं ना?’ असं विचारू नये, त्याला सगळे मान डोलावतात. कार्ड घरच्यांच्या हातात द्यावं आणि म्हणावं, ‘काकू, उद्या सकाळी उठल्यापासून यांना काय काय देणार, ते सांगा बरं.’ जिथे त्या थांबतील ती ओळ पुन्हा लिहावी.

आणि बीपी, ईसीजी, ओपीडी हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत. ओपीडी कुठे आहे, हे काकूंना पक्कं ठाऊक असतं. ‘बाह्यरुग्ण विभागात यावे’ असं वाचलं, तर त्या चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन विचारत बसतील.