शिनवारी, प्रदशर्न आणि एक बोट

नमस्कार मंडळी. मंडळाच्या मराठी वर्गात शिकवणाऱ्या ताई-दादांसाठी आणि पालकांसाठी आज मी एकच निरोप घेऊन उभी आहे. तो माझ्या भाचीने तिच्या शाळेच्या गटावर पाठवलेला. ती चोपडा तालुक्यात पाचवीत शिकते. घरात फोन एकच, आणि तो संध्याकाळी हातात आला की उजव्या हाताची तर्जनी एकेका अक्षरावर नेत ती लिहिते. निरोप असा होता:

सर मी शिनवारी प्रदशर्नात येणार म ाझा िठबकचा नमुना तयार आहे

ठिबक सिंचनाचा नमुना तिने सलाईनच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या बाटलीतून केला होता. तिकडे केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या रोजच दिसतात, त्यामुळे ते तिला जमलं. निरोप वाचून घरातलं कुणीतरी म्हणालं, हिचं शुद्धलेखन कच्चं आहे. मला ते पटलं नाही. वहीत ती हे सगळे शब्द बरोबर लिहिते. मग फोनवर काय होतं?

'शनिवारी' बघा. कागदावर आपण श काढतो, मग वेलांटीची उभी रेघ, मग न. म्हणजे न ची वेलांटी हात आधी काढतो. भाचीने फोनवरही तेच केलं: श, ि, न. पण फोन उच्चाराचा क्रम मागतो, आधी व्यंजन आणि नंतर त्याचा स्वर. म्हणून ती वेलांटी मागच्या श ला चिकटली आणि 'शिनवारी' झालं. 'ठिबक' मध्ये वेलांटी शब्दाच्या सुरुवातीलाच आली. मागे चिकटायला अक्षर नाही, म्हणून फोनने तिला ठिपक्यांचं वर्तुळ दिलं. हे वर्तुळ दिसलं की मुलं थबकतात, काहीतरी चुकलंय हे त्यांना कळतं. शब्दाच्या मध्ये मात्र कसलीच खूण दिसत नाही, वेलांटी गुपचूप शेजारच्या घरी जाते. तपासताना आधी तिथेच बघावं.

'प्रदर्शन' तर मला फार आवडलेला शब्द आहे, कारण त्यात र दोन तऱ्हांनी येतो. 'प्र' मध्ये प, हलंत, र असं दाबायचं. ते तिला आलं, कारण तिथे हात आणि उच्चार एकाच क्रमाने चालतात. रफार मात्र आपण श लिहून झाल्यावर वर जाऊन काढतो. तिनेही श दाबला, मग र आणि हलंत. तो र पुढच्या न च्या डोक्यावर जाऊन बसला. उच्चारात र् श च्या आधी येतो, म्हणून र, हलंत, श हाच क्रम हवा. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर वेलांटी आधी आणि रफार नंतर असंच चालायचं. तिथे या पोरीचा क्रम अगदी बरोबर ठरला असता.

राहिलं 'म ाझा'. म दाबल्यावर वरच्या पट्टीत आलेल्या सुचवणीवर तिचं बोट लागलं. सुचवणी घेतली की बहुतेक कळफलक मागून मोकळी जागा सोडतो. पुढचा काना म पासून तुटला आणि एकटा पडला. तो पुसायला गेलं तर दुसरी अडचण असते: मागे खोडायची कळ एका वेळी एकच खूण खाते. डोळ्यांना एक अक्षर दिसणारं 'त्री' आत त, हलंत, र आणि ी असं चार तुकड्यांचं असतं. एकदा दाबल्यावर फक्त वेलांटी गेली की मुलाला वाटतं, कळ बिघडली.

आम्ही केलं ते एवढंच. मी इथून फोनवर तिला शब्द हळू बोलायला लावला: प्र... द... र्... श... न. जे आधी ऐकू येतं ते आधी दाब. रोमन अक्षरांत लिहायला मी सांगितलं नाही, आणि बोलून टाइप करण्याची सोयही काही दिवस बंद ठेवली, कारण त्यात हा क्रम तिला कळलाच नसता. आपल्या वर्गात सुरुवात 'कमळ', 'काका', 'मामा' अशा सरळ शब्दांनी करा. मग 'शनिवार', मग 'सूर्य', आणि 'प्रदर्शन' सगळ्यांत शेवटी.

एक अक्षर मात्र वेगळं शिकवावं लागतं. 'शेतकऱ्याचा' लिहिताना साधा र घेतला तर 'शेतकर्याचा' होतं, 'सूर्य' मधल्यासारखा रफार वर चढतो. तिथे खाली टिंब असलेला ऱ हवा. फोनवर तो बऱ्याचदा र दाबून धरल्यावर सापडतो, संगणकावर इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्टसह J वर असतो. भाचीला तो लगेच लागला, कारण तिची आजी अहिराणीत विचारत होती, "काय लिखी ऱ्हायनी वं माय?" आणि तिला तेच वाक्य जसंच्या तसं सरांना पाठवायचं होतं.