तिसऱ्या घंटेच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार. आज एका पहिल्या प्रयोगाची गोष्ट सांगते.

सातला पडदा उघडायचा होता आणि साडेपाचला आमच्या नायकाला मेकअपच्या खुर्चीतून उठवेना. अंगात ताप, उभं राहिलं की चक्कर. डॉक्टरांनी साफ मनाई केली. बदली नट तयार केलेला नव्हता. मी रंगमंच व्यवस्थापक, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बघत होते प्रॉम्प्टरकडे. दोन महिने विंगेत बसून तो प्रत्येक वाक्य पुटपुटत आला होता. शब्द त्याला जवळपास पाठ होते. पाय मात्र त्या रंगमंचावर एकदाही चालले नव्हते.

ते पाय माझ्या वहीत होते. एका पानावर संहिता, समोरच्या पानावर हालचाली: कोण कुठून येतो, कुठल्या वाक्याला बसतो, कुठे प्रकाश बदलतो. पण दीड तासात अख्खं नाटक कसं चालवून घेणार? कुणाला लागू शकेल अशा तीनच जागा मी निवडल्या. बाकी चुकलं तर चुकू दे.

पहिली जागा लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या दोन फुटी चौथऱ्याच्या पायऱ्यांची. तिथे त्याला सहा वेळा चढवलं-उतरवलं. दुसरी झटापटीची. ढकललं की पाठीवर पडायचं, हे घाईत शिकवण्याचं काम नव्हे. नुसता दंड धरायचा, एवढंच ठेवलं. तिसरी जागा ब्लॅकआउटची, आणि मला खरी भीती तिचीच होती. हातातल्या संहितेच्या पांढऱ्या कागदावर खिळलेल्या डोळ्यांना एकदम अंधार झाला की लेव्हलची कड दिसत नाही. मग कडेला पांढरी पट्टी चिकटवली आणि प्रकाश आठ आकडे मोजत हळूहळू उतरवायचं ठरलं.

एक गोष्ट राहिली होती. प्रकाशाचे बरेच इशारे नायकाच्या वाक्यांवर बांधलेले. ते मी डोळ्यांना दिसणाऱ्या कृतींवर आणले: तो खुर्चीतून उठला, की रात्र.

नायक बदलल्याची आणि तो संहिता हातात घेऊन काम करणार असल्याची घोषणा केली. तिसरी घंटा दिली.

दुसऱ्या अंकात व्हायचं तेच झालं. त्याने दोन पानं एकदम उलटली आणि थेट शेवटचं वाक्य म्हणून मोकळा झाला. लाइट्सवाल्याचा हात कळीवर गेला. पण प्रॉम्प्टर अजून खुर्चीतच होता. मी "थांब" म्हणाले. नायिकेने शांतपणे विचारलं, "आणि त्या पत्राचं काय?" पत्र मागच्या पानावर होतं. त्याने पान परत उलटलं.

रात्री प्रयोगाच्या नोंदीत लिहिलं: पहिला अंक चार मिनिटं लांबला. नायकाचे बूट प्रॉम्प्टरला मोठे होतात, पायऱ्यांवर टाच निसटते. उद्या पुढे कापूस भरणे.