दिवाळी पहाटसाठी प्रायोजक हवाय? मग पत्रात 'सहकार्य' मागू नका

नमस्कार मंडळी!

(हातातला कागद कॅमेऱ्यासमोर धरून)

हे आमच्या मंडळाचं पहिल्या वर्षीचं पत्र. साडीच्या दुकानाच्या मालकांना दिलेलं. पहिली ओळ वाचतो. 'आपल्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचे जतन व संवर्धन व्हावे या उदात्त हेतूने...' खाली शेवटी, 'तरी आपण यथाशक्ती आर्थिक सहकार्य करावे ही नम्र विनंती.' मालकांनी पत्र वाचलं, घडी घातली, गल्ल्यातून अकराशे रुपये काढले आणि म्हणाले, "पावती फाडा."

चूक त्यांची नव्हती. आम्ही वर्गणीच मागितली होती, त्यांनी वर्गणीच दिली. आम्हाला हवे होते साठ हजार.

वर्गणी आणि प्रायोजकत्व यांत फरक आहे. वर्गणी माणूस खिशातून देतो, नातं म्हणून. प्रायोजकत्वाचे पैसे दुकानाच्या जाहिरातखर्चातून येतात आणि त्या खर्चाला मालक एकच प्रश्न विचारतो: यातून माझ्या दुकानात माणूस येणार का? आज आपण एकच पत्र घेऊ. गाव सांगली, कार्यक्रम दिवाळी पहाट, समोर साडीचं दुकान.

आता गंमत बघा. आमची दिवाळी पहाट होते नरक चतुर्दशीला. तोपर्यंत साड्यांची खरेदी झालेली असते, लोक नवी साडी नेसूनच सभागृहात येतात. म्हणजे स्टेजवर दुकानाचं नाव कितीही मोठं लावलं तरी त्या दिवाळीच्या धंद्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य. हे मालकाला पत्र उघडायच्या आधीच कळलेलं असतं. आम्हाला कळायला एक वर्ष लागलं.

मग आपल्याकडे द्यायला आहे तरी काय? प्रवेशिका! फुकट कार्यक्रमाच्या प्रवेशिका लोकांना कुठून तरी घ्याव्या लागतातच. आम्ही त्या मंडळाच्या खजिनदाराच्या घरून वाटायचो. जिना चढून लोक यायचे, बिचाऱ्या वहिनी दिवसभर दार उघडत बसायच्या. त्याच प्रवेशिका खरेदीच्या ऐन दिवसांत साडीच्या दुकानातून मिळाल्या तर?

हिशेब करू. सभागृह सहाशे खुर्च्यांचं. सभासद, कलाकारांची माणसं आणि प्रायोजक यांच्यासाठी दीडशे बाजूला ठेवल्या. उरल्या साडेचारशे. एका माणसाला जास्तीत जास्त दोन प्रवेशिका, म्हणजे सगळ्या संपेपर्यंत कमीत कमी सव्वादोनशे माणसं दुकानाची पायरी चढणार. साठ हजार भागिले दोनशे पंचवीस, एका माणसामागे साधारण २६७ रुपये. हा आकडा पत्रात घालू नका, पण डोक्यात ठेवा. मालक समोर बसून तोच काढणार आहे, आणि वर्तमानपत्रात पत्रकं टाकायला काय पडतं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आता पत्र. स्क्रीनवर येतंय, मी वाचतो. मंडळाच्या लेटरहेडवर, एका पानात.

(पडद्यावर पत्र)

विषय : 'दिवाळी पहाट' कार्यक्रमाच्या मुख्य प्रायोजकत्वाचा प्रस्ताव (रु. ६०,०००)

महोदय,

नरक चतुर्दशीला सकाळी ६ ते ८.३० या वेळेत आमचे मंडळ मराठी भावगीते व नाट्यगीतांचा कार्यक्रम सादर करीत आहे. सभागृहाची आसनक्षमता ६०० असून प्रवेश विनामूल्य, परंतु प्रवेशिकेवर आहे. यांपैकी ४५० प्रवेशिका केवळ आपल्या दुकानातून वितरित कराव्यात, असा आमचा प्रस्ताव आहे.

वितरण दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारपासून पाच दिवस, सकाळी ११ ते रात्री ८ या वेळेत होईल. एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन प्रवेशिका दिल्या जातील. त्यासाठी मंडळाचे दोन कार्यकर्ते पूर्णवेळ उपस्थित राहतील. आपणाकडून एक टेबल व दोन खुर्च्यांची जागा अपेक्षित आहे.

प्रत्येक प्रवेशिकेवर, तसेच कार्यक्रमाच्या सर्व जाहिरातींत 'प्रवेशिका मिळण्याचे ठिकाण' म्हणून आपल्या दुकानाचे नाव व पत्ता छापला जाईल. रंगमंचाच्या मागील पडद्यावर उजव्या बाजूस ६ × ३ फूट आकारात आपले नाव असेल. निवेदनात आरंभी व मध्यंतरानंतर असा दोनदा उल्लेख होईल. पुढील रांगांत १० आसने आपल्यासाठी राखीव असतील. साडी व तयार कपडे या व्यवसायातील अन्य कोणाचेही प्रायोजकत्व अथवा जाहिरात आम्ही स्वीकारणार नाही.

कार्यक्रमाचा अपेक्षित खर्च रु. २,४०,००० आहे. त्यापैकी रु. ६०,००० आपणाकडून अपेक्षित आहेत. निम्मी रक्कम होकार कळविताना व निम्मी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, धनादेशाने अथवा मंडळाच्या बँक खात्यात द्यावी. कार्यक्रम रद्द झाल्यास दुसरा हप्ता देय राहणार नाही.

प्रवेशिका छपाईस द्यावयाच्या असल्याने आपला निर्णय दसऱ्यापर्यंत कळवावा. येत्या सोमवारी दुपारी ३ वाजता मी आपल्या भेटीस येत आहे. वेळ गैरसोयीची असल्यास कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
कार्यवाह

(पत्र पडद्यावरून जातं)

बघा, रक्कम विषयातच आहे. लोक आकडा लिहायला लाजतात. 'यथाशक्ती' लिहिलं की समोरचा शक्ती ठरवतो, आणि ती अकराशेची निघते. आकडा दिला की निदान बोलणी तरी त्या आकड्यापासून सुरू होतात. एकूण खर्चही सांगितलाय, म्हणजे सगळं ओझं आपल्यावर टाकतायत का, ही शंका राहत नाही. बाकीच्या १ लाख ८० हजारांचं काय, हे तो विचारणारच. स्मरणिकेच्या जाहिराती, सभासद, दुसरे छोटे प्रायोजक, जे असेल ते तयार ठेवून जा.

'सहाशे आसनं' लिहिलंय, 'हजारो रसिक' नाही. फुकट प्रवेशिका नेलेले सगळेच येतात असं नाही, दिवाळीच्या पहाटे तर नाहीच. आपल्या हातात खुर्च्या आणि प्रवेशिका आहेत, तेवढंच लिहायचं. 'आपल्या विक्रीत निश्चित वाढ होईल' हे वाक्य तर चुकूनही नको. माणूस दुकानात आणायची जबाबदारी आपली, साडी विकायची त्यांची.

सहा बाय तीन फूट, उजवी बाजू, ही बारकाई कशाला? दुसऱ्या एका प्रायोजकाला आम्ही नुसतं 'रंगमंचावर ठळक प्रसिद्धी' असं लिहिलं होतं. फलक लावला. आणि पहाटे साडेपाचला सजावटवाल्यांनी त्याच्यासमोर झेंडूच्या माळांची अख्खी कमान उभी केली. तबला सुरू, गाणं सुरू, आणि प्रायोजकाच्या नावातलं फक्त शेवटचं अक्षर दिसतंय. ते गृहस्थ पहिल्या रांगेत सहकुटुंब! आता जागा पत्रात लिहितो आणि पत्राची एक प्रत सजावटवाल्यालाही देतो.

'त्याच व्यवसायातील अन्य कोणाचेही नाही' ही ओळ मात्र मनापासून पाळायची तयारी असेल तरच लिहा. स्मरणिकेची पानं भरताना कुणीतरी कार्यकर्ता उत्साहात दुसऱ्या साडीवाल्याची पाव पान जाहिरात घेऊन येतो. दोन हजारांसाठी साठ हजारांचा माणूस दुखावतो.

एक मागणी हमखास होते. प्रवेशिका नेणाऱ्यांचे मोबाइल नंबर आम्हाला द्या. नाही म्हणायचं. लोकांनी नंबर कार्यक्रमासाठी दिलाय, साडीच्या सेलच्या मेसेजसाठी नाही. दुकानाला हवं तर त्यांनी आपली वेगळी वही ठेवावी, ज्याला वाटेल तो स्वतःहून लिहील.

दुसरा प्रश्न, "ऐंशी-जीची पावती मिळेल ना?" इथे मंडळं गडबड करतात. ऐंशी-जीची करसवलत देणगीला असते. आपण पडद्यावर नाव देतोय, प्रवेशिकेवर पत्ता छापतोय, म्हणजे ही देणगी नव्हे, दुकानाचा जाहिरातखर्च आहे. पावतीवर 'प्रायोजकत्व' असंच लिहा. दुकानाच्या हिशेबातही तो धंद्याचा खर्च म्हणूनच दाखवता येतो, त्यामुळे मालकाचं काही बिघडत नाही. दुकान भागीदारीत किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर प्रायोजकत्वावरचा जीएसटी भरायची जबाबदारी त्यांच्याकडे जाऊ शकते. तेव्हा दोन्हीकडच्या सीएंना आधीच विचारून घ्या. आणि पैसे घ्यायला कार्यवाहाच्या स्वतःच्या मोबाइलमधला क्यूआर कोड पुढे करू नका हो! खातं मंडळाचंच हवं.

आता पत्र घेऊन जायचं कधी? माझं मत, पितृपक्षात. ऐकून दचकू नका. गणपती झालेले असतात, नवरात्राची गर्दी सुरू व्हायची असते, दुकान शांत असतं. बरेच व्यापारी त्या पंधरवड्यात नवा व्यवहार पक्का करत नाहीत, पण बोलायला निवांत असतात. तेव्हा पत्र द्यायचं, चहा घ्यायचा, होकारासाठी घाई करायची नाही. घटस्थापनेनंतर पुन्हा जायचं. सर्वपित्री अमावास्येपासून लक्ष्मीपूजनाची अमावास्या साधारण महिनाभरावर असते, म्हणजे छपाईला वेळ पुरतो. नवरात्र संपल्यावर पहिल्यांदा गेलात तर मालक कॅशवरून उठणारच नाही आणि तुमचं पत्र बिलांच्या गठ्ठ्याखाली जाईल.

वेळ दुपारी तीनची. सकाळी माल लावायचा असतो, संध्याकाळी गिऱ्हाईक.

दुसऱ्या वर्षी आम्ही याच मालकांकडे हे नवं पत्र घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि ओळ न् ओळ वाचली. निवेदनातला दोनदा उल्लेख खोडला. म्हणाले, "ते कोण ऐकतंय?" पुढच्या रांगेतल्या दहा आसनांची वीस केली. मग टेबलाच्या ओळीवर पेन्सिल थांबली. "हे टेबल कुठे ठेवणार?"

मी म्हटलं, "दारातच, काका. लोकांना सोपं पडेल."

ते हसले. वर बोट दाखवलं. "पहिल्या मजल्यावर ठेवा. पैठणीच्या काउंटरच्या पलीकडे."

मी तिथेच पेनाने 'पहिला मजला' लिहिलं, दोघांनी शेजारी सह्या केल्या आणि घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी तीस हजारांचा चेक मिळाला.