ठिपक्यांतून तडे वाचताना: बेसाल्टमधले सांधे, भ्रंश आणि स्टिरिओनेट

(सोलापुरात भूविज्ञानाचे विद्यार्थी, खाणमालक आणि शेतकरी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, समोरच्या पडद्यावर एक वर्तुळ आहे, यालाच स्टिरिओनेट किंवा जाळं म्हणतात, आणि त्यात साठ ठिपके. ही मोजमापं मी आजच्या उदाहरणासाठी तयार केली आहेत, पण आपल्याकडच्या खडीच्या खाणीत उतरलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटतील. खाणीची भिंत पूर्व-पश्चिम धावते. भिंतीच्या पायथ्याशी आडवा टेप ताणला आणि टेपला जो जो तडा छेदतो त्याची दिशा आणि कल कंपासने घेतला. एका तड्याचा एक ठिपका. या ठिपक्यांवर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, एवढाच माझा आजचा विषय आहे.

आधी ठिपका म्हणजे काय ते बघू. एक वाटी जमिनीत पुरली आहे आणि आपण वरून तिच्यात बघतो आहोत, असं समजा. तड्याचं प्रतल वाटीच्या मध्यबिंदूतून जातं. त्या प्रतलाला काटकोनात असलेली रेषा वाटीच्या तळाला जिथे टेकते, तो बिंदू म्हणजे त्या तड्याचा पोल. आडव्या थराचा पोल बरोबर मधोमध पडतो. उभ्या तड्याचा पोल थेट कडेवर जातो. पूर्वेकडे ८५ अंश कललेल्या तड्याचा पोल पश्चिमेच्या कडेपासून ५ अंश आत येतो. म्हणजे तडा ज्या बाजूला कलतो त्याच्या विरुद्ध बाजूला ठिपका पडतो. नवख्या विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो.

आपला दगड दख्खनचा बेसाल्ट. लाव्ह्याचे प्रवाह जवळजवळ आडवे पसरले, थंड होताना आकसले आणि त्यांत उभे तडे, म्हणजे सांधे, गेले. त्यामुळे आपल्या भागातल्या बहुतेक नकाशांवर ठिपके कडेला गोळा होतात. या कडेलाच दोन गफलती होतात.

पहिली गफलत सरासरीची. उत्तर-दक्षिण धावणारे तडे घ्या. त्यांतले काही पूर्वेकडे ८५ अंश कललेले आहेत, काही पश्चिमेकडे ८५ अंश. प्रत्यक्षात ते एकाच जातीचे. त्यांच्यात फक्त १० अंशांचा फरक आहे. पण कागदावर एक गट पश्चिम कडेला आणि दुसरा थेट समोर पूर्व कडेला दिसतो. बघणारा म्हणतो, दोन संच आहेत. कुणी त्याहून पुढे जाऊन या ठिपक्यांना बाणांसारखी दिशा देऊन बेरीज करतो. मग पूर्व आणि पश्चिम एकमेकांना खोडतात, उरतो तो खाली जाणारा छोटासा घटक, आणि उत्तर येतं की सरासरी पोल उभा आहे. म्हणजे सरासरी तडा आडवा! साठही तडे उभे असताना आडवा तडा निघाला, तर आकडेमोड कुठे बिघडली हे लगेच कळायला हवं. पोल म्हणजे बाण नव्हे, ती दोन्ही टोकं सारखी असलेली रेषा आहे. म्हणून सरासरी ओरिएंटेशन टेन्सरवरून, म्हणजे रेषेची दोन्ही टोकं सारखी धरणाऱ्या गणिताने, काढतात. चांगलं सॉफ्टवेअर ते करतं, हाताने केलेलं स्प्रेडशीट बहुधा करत नाही.

दुसरी गफलत जाळ्याची. जाळी दोन प्रकारची असतात. वुल्फ जाळं कोन जपतं, श्मिट जाळं क्षेत्रफळ जपतं. वुल्फ जाळ्यावर कडेजवळचा भाग मधल्या भागाच्या चौपट क्षेत्रफळात पसरलेला असतो. तिथे ठिपक्यांची दाटी मोजली तर उभे तडे विरळ भासतात आणि आडवे थर दाट. उभ्या सांध्यांच्या आपल्या मुलखात हा दोष नेमका मर्मावर बसतो. दाटीच्या समरेषा काढायच्या असतील तर श्मिटच घ्या. छापील नकाशावर कुठलं जाळं वापरलं आहे हे लिहिलेलं नसेल, तर त्याच्या समरेषांवरून मी कधीच निष्कर्ष काढत नाही.

आता ते साठ ठिपके. त्यांतले ४२ पूर्व आणि पश्चिम कडेला आहेत, म्हणजे तडे उत्तर-दक्षिण. १० ठिपके ईशान्य आणि नैर्ऋत्य कडेला. ते तडे वायव्य-आग्नेय. उरलेले ८ उत्तर आणि दक्षिण कडेला, जरासे पश्चिमेकडे आणि पूर्वेकडे सरकलेले. ते तडे पूर्व-पश्चिमेपासून १५ अंश वळलेले, स्ट्राइक, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेली धाव, ०७५. अहवालात लिहिलं जाईल, मुख्य संच उत्तर-दक्षिण, बाकीचे गौण. पण टेप कुठल्या दिशेला ताणला होता, हे आठवा. तो पूर्व-पश्चिम होता. उत्तर-दक्षिण तडे त्याला काटकोनात येतात, म्हणून एकूण एक सापडतात. ०७५ चे तडे टेपला फक्त १५ अंशांचा कोन करून जातात. ते भिंतीला जवळपास समांतर आहेत, त्यामुळे एवढ्याच लांबीच्या टेपमध्ये फार थोडे छेदतात.

रूथ टेर्झागी यांनी १९६५ मध्ये या पूर्वग्रहावर दुरुस्ती मांडली. टेप आणि तड्याचं प्रतल यांच्यातला लघुकोन α असेल, तर त्या तड्याला द्यायचं वजन 1/sin α. काटकोनात वजन १, ४५ अंशांना सुमारे १.४, १५ अंशांना ३.८६. आता मोजू. उत्तर-दक्षिणचे ४२ तसेच राहतात. वायव्य-आग्नेय १० चे १४ होतात. आणि ०७५ चे ८ एकदम ३१ होतात. ज्याला गौण म्हणत होतो, तो संच पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. दगड तोच, फरक पडला तो भिंतीच्या दिशेमुळे.

या गुणाकारालाही मर्यादा आहे. कोन ५ अंशांवर आला तर वजन साडेअकराच्या जवळ जातं, आणि दोन भरकटलेली मोजमापं मिळून एक खोटा संच उभा करतात. म्हणून वजनाला वरची मर्यादा घालतात. आडव्या टेपला तर आडवे तडे, दोन प्रवाहांमधल्या आडव्या सीमा छेदतच नाहीत. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. माझं मत ठाम आहे: दुरुस्तीपेक्षा दुसरी भिंत बरी. खाणीची उत्तर-दक्षिण बाजू मोजा आणि एक टेप उभा सोडा. ०७५ चा संच नव्या भिंतीवर दाटीने दिसला तर तो खरा.

कंपासबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. काही ठिकाणी, विशेषतः वीज पडलेल्या कातळाजवळ, सुई चांगलीच हलते. दगडाला कंपास टेकवण्याआधी दूरच्या खुणेचा कोन घ्या, मग उलट त्या खुणेपाशी जाऊन परतीचा कोन घ्या. दोन्हींत १८० अंशांचा फरक नसेल तर त्या जागी सुई खोटं बोलते आहे.

आता हे सांधे आहेत कशाचे? बेसाल्टचे षटकोनी खांब ज्यांनी पाहिले असतील त्यांनी जरा विचार करा. उभ्या खांबांच्या बाजू सगळ्या दिशांना तोंड करून असतात. त्यांचे पोल कडेभोवती पट्ट्यासारखे पसरतात, एका जागी जमत नाहीत. असा अखंड पट्टा दिसला तर ते थंड होण्याचे सांधे. खांब कललेले असतील तर पट्टा कड सोडून एखाद्या महावृत्तावर, म्हणजे वाटीच्या मध्यबिंदूतून जाणारं प्रतल वाटीला कापतं त्या कमानीवर, येतो, आणि त्या महावृत्ताचा पोल म्हणजे खांबांचा अक्ष. उलट ठिपके दोन-तीन ठिकाणी घट्ट जमले आणि तेच गट वरच्या प्रवाहातही आणि खालच्याही प्रवाहात सापडले, तर कवचावरच्या ताणाचा संशय घ्यावा. एकाच प्रवाहातल्या मोजमापांवरून हे ठरवता येत नाही.

सांधा आणि भ्रंश यांत फरक सरकण्याचा. भ्रंशाच्या पृष्ठावर घासल्याच्या रेघा असतात, स्लिकनलाइन. प्रतलाबरोबर त्या रेघेचाही ठिपका काढायचा आणि एक साधी तपासणी करायची. रेघ त्या प्रतलातच आहे, म्हणून तिचा ठिपका त्या प्रतलाच्या महावृत्ताच्या कमानीवरच पडला पाहिजे. तो कमानीपासून चार-पाच अंशांहून जास्त दूर पडला, तर दोनपैकी एक मोजमाप चुकलं.

समजा, दोन उभे भ्रंश सापडले, एक ०३० दिशेने, दुसरा ३३० दिशेने. त्यांच्यात ६० अंशांचा कोन आहे. एकाच ताणाखाली दोन्ही तयार झाले असतील, तर ज्या उभ्या रेषेत ते छेदतात ती मधल्या दाबाची दिशा आणि लघुकोनाचा दुभाजक, म्हणजे उत्तर-दक्षिण, सर्वांत मोठ्या दाबाची. पण याला दोन साक्षी हव्यात. रेघा छेदरेषेला काटकोनात, म्हणजे इथे जवळजवळ आडव्या हव्यात. आणि सरकणं परस्परविरुद्ध हवं: ०३० वर पलीकडची बाजू डावीकडे, ३३० वर उजवीकडे. रेघा ७० अंशांनी खाली उतरत असतील तर ही जोडी एका ताणाची नाही, मग कोन कितीही सुबक ६० अंशांचा असो.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा धक्का इथे बसलेल्यांतल्या अनेकांनी अनुभवला आहे. तो उलट्या भ्रंशाचा, म्हणजे दाबाखाली एक बाजू दुसरीवर चढण्याचा, भूकंप होता. भूकंपलहरींवरून काढलेली त्याची चेंडूसारखी आकृती याच जाळ्यावर असते. तिच्यात एकमेकांना काटकोनात असलेली दोन प्रतलं मिळतात, त्यांतलं एकच खरं तुटलेलं. कुठलं, ते आकृती सांगत नाही. त्यासाठी जमिनीवरची भेग किंवा नंतरच्या धक्क्यांची रांग बघावी लागते.

शेवटी विहिरीकडे येतो, कारण आलेल्या शेतकरी मंडळींचा मूळ प्रश्न तोच होता. विहिरीत आडवं बोअर कुठल्या दिशेला मारायचं? टेर्झागींचं गणित इथे उलटं वापरायचं. बोअर म्हणजेही एक टेप. ३० मीटरचं बोअर आहे आणि एका संचाचे तडे दोन-दोन मीटरवर आहेत, असं धरा. काटकोनात मारलं तर साधारण १५ तडे छेदतील. १५ अंशांच्या कोनात मारलं तर जेमतेम ४. आपल्या खाणीचे संच घेतले, तर पूर्व-पश्चिम बोअर उत्तर-दक्षिण तडे पकडेल आणि ०७५ चा संच जवळपास सोडून देईल. उत्तर-दक्षिण मारलं तर नेमकं उलट होईल.

मग दोघांपैकी कुठला संच निवडायचा? हे जाळं सांगू शकत नाही. ठिपक्याला तड्याची दिशा माहीत असते, त्याचं तोंड उघडं आहे की बंद, हे माहीत नसतं. अनेक तडे पांढऱ्या कॅल्साइटने किंवा झिओलाइटने बुजलेले असतात, काहींत चिकणमाती भरलेली असते. म्हणून मोजताना वहीत दिशेशेजारी एक रकाना आणखी ठेवा: भराव कशाचा, फट किती मिलिमीटर, ओल किंवा गंजाचा तांबडा डाग आहे का. मग तोच नकाशा फक्त ओल्या तड्यांचे ठिपके ठेवून पुन्हा काढा. दाट संच एकीकडे आणि ओले ठिपके दुसरीकडे असतील, तर बोअर ओल्या ठिपक्यांच्या संचाला काटकोनात मारा.