चौदा कार्डं, एक रांग: क्रस्कल–वॉलिस चाचणी हाताने करताना

[दृश्य: वर्गातलं लांब टेबल. वरून कॅमेरा. पांढरी, निळी आणि पिवळी कार्डं, प्रत्येकावर एक आकडा.]

या टेबलावर चौदा माणसांची फुप्फुसं आहेत, आकड्यांच्या रूपात. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ फुप्फुस किती वेगाने बाहेर काढतं, त्यावरून हे आकडे आले. पांढरी पाच कार्डं निरोगी माणसांची. निळी चार, श्वासमार्गात अडथळा असलेल्यांची. पिवळी पाच, ॲस्बेस्टॉसिस झालेल्यांची. ‘आर’ या संगणकीय भाषेत `kruskal.test` या आज्ञेच्या मदतपानावर हीच आकडेवारी उदाहरण म्हणून दिलेली आहे.

[दृश्य: तीन गट वेगवेगळे मांडलेले. आकडे जवळून.]

पांढरी: २.९, ३.०, २.५, २.६, ३.२.
निळी: ३.८, २.७, ४.०, २.४.
पिवळी: २.८, ३.४, ३.७, २.२, २.०.

तिन्ही गटांत फरक आहे का, असं विचारलं की हात आधी अनोव्हा या चाचणीकडे जातो. पण अनोव्हा सरासरीवर उभी असते. गटातले आकडे साधारण नॉर्मल वक्रासारखे पसरलेले असावेत आणि तिन्ही गटांचा पसरटपणा सारखा असावा, असं ती गृहीत धरते. चार-पाच आकड्यांवरून नॉर्मल आहे की नाही हे सांगणार कसं? इतक्या थोड्या आकड्यांवर नॉर्मलपणाची चाचणी लावली तर ती बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ असंच म्हणते, कारण दोष पकडायला तिच्याकडे पुरेसा माल नसतो.

[दृश्य: एक हात ४.० चं निळं कार्ड उचलतो, त्या जागी ४० ठेवतो.]

समजा नोंद करताना दशांशचिन्ह राहिलं. निळ्या गटाची सरासरी ३.२ वरून थेट १२.२ वर गेली. एका कार्डाने सगळा गट ओढून नेला. आता क्रस्कल–वॉलिसची पद्धत पाहा.

[दृश्य: ४.० परत जागेवर. विद्यार्थिनी तिन्ही गट एकत्र करते आणि लहानापासून मोठ्यापर्यंत एकच रांग लावू लागते. हा भाग कापू नये.]

पहिली पायरी हीच: गट मोडायचे. चौदाही कार्डं एकाच रांगेत. नवशिके इथेच चुकतात. ते प्रत्येक गटाला आपापल्या गटातच क्रमांक देतात. मग पांढऱ्यांनाही एक ते पाच, पिवळ्यांनाही एक ते पाच, आणि तुलना करायला काही उरतच नाही.

२.० पिवळं, त्याला क्रमांक १. २.२ पिवळं, २. २.४ निळं, ३. मग २.५ आणि २.६ ही दोन पांढरी, ४ आणि ५. २.७ निळं, ६. २.८ पिवळं, ७. पुढे सलग तीन पांढरी: २.९, ३.०, ३.२, क्रमांक ८, ९, १०. ३.४ आणि ३.७ पिवळी, ११ आणि १२. शेवटी दोन निळी, ३.८ आणि ४.०, क्रमांक १३ आणि १४.

[दृश्य: ४.० च्या जागी पुन्हा ४०. खाली लिहिलेला १४ तसाच.]

आता ४० ठेवा, नाहीतर ४०० ठेवा. क्रमांक चौदाच. पुढचं सगळं गणित जसंच्या तसं.

[दृश्य: २.७ खोडून २.८ लिहिलेलं. शेजारी आधीचं २.८.]

दोन आकडे सारखे आले तर? सहावी आणि सातवी जागा दोघांत वाटायची, प्रत्येकी साडेसहा. दोघांनाही सहा देऊन पुढच्याला सात देऊ नका. ती चूक बेरजेत लगेच सापडते. एक ते चौदाची बेरीज १०५. साडेसहा-साडेसहा दिले तरी १०५ च राहते. सहा-सहा देऊन पुढे सात लिहिला की ती ९७ होते. म्हणून क्रमांक लावून झाले की आधी बेरीज तपासायची, मगच पुढे जायचं. सारखे आकडे बरेच असतील तर शेवटच्या उत्तरात एक छोटी दुरुस्तीही करावी लागते. सॉफ्टवेअर ती स्वतःच करतं.

[दृश्य: मूळ २.७ परत. रांगेतली कार्डं क्रमांकांसह आपापल्या गटात परत येतात. फळ्यावर बेरजा.]

पांढरी: ४, ५, ८, ९, १०. बेरीज ३६, सरासरी ७.२.
निळी: ३, ६, १३, १४. बेरीज ३६, सरासरी ९.
पिवळी: १, २, ७, ११, १२. बेरीज ३३, सरासरी ६.६.

गटांत काहीच फरक नसता, तर प्रत्येक गटाची सरासरी साडेसातच्या आसपास आली असती, कारण एक ते चौदाचा मध्य तोच. मग प्रत्येक गट साडेसातपासून किती सरकला, ते पाहायचं. अंतराचा वर्ग करायचा आणि गटातल्या माणसांच्या संख्येने गुणायचं. पांढऱ्यांचे ०.४५, निळ्यांचे ९, पिवळ्यांचे ४.०५. एकूण १३.५.

```
H = 12 / (14 × 15) × 13.5 = 0.771
```

विल्यम क्रस्कल आणि डब्ल्यू. ॲलन वॉलिस यांनी १९५२ मध्ये मांडलेली संख्या ती हीच.

[दृश्य: कार्डं उलटी करून पिसली जातात, पाच-चार-पाच अशी पुन्हा वाटली जातात. दोन-तीनदा.]

०.७७१ मोठा की लहान? क्रमांक आंधळेपणाने पिसा आणि पाच, चार, पाच असे वाटा. अशा वाटण्या २,५२,२५२ होतात. त्यांपैकी किती वाटण्यांत H एवढा किंवा याहून मोठा येतो, हाच प्रश्न आहे. तेवढं मोजण्याऐवजी आपण काय-स्क्वेअर तक्ता वापरतो. तीन गटांना डिग्रीज ऑफ फ्रीडम दोन, आणि पाच टक्क्यांची रेषा ५.९९१. आपण तिच्यापासून फार दूर आहोत. गटात पाचपेक्षा कमी माणसं असली की हा तक्ता अंदाजे ठरतो, आणि आपला निळा गट चारचाच आहे. H रेषेजवळ आला असता तर नेमकी वाटणीच मोजावी लागली असती.

[दृश्य: संगणकाचा पडदा.]

```r
x <- c(2.9, 3.0, 2.5, 2.6, 3.2)
y <- c(3.8, 2.7, 4.0, 2.4)
z <- c(2.8, 3.4, 3.7, 2.2, 2.0)
kruskal.test(list(x, y, z))
```

वाटण्यांच्या त्या प्रश्नाचं अंदाजे उत्तर, म्हणजे पी-व्हॅल्यू, ०.६८. फरकाचा पुरावा नाही.

[दृश्य: पुन्हा ती एकच रांग, वरून. सावकाश डावीकडून उजवीकडे.]

पण रांग नीट बघा. पांढरी कार्डं मधोमध आहेत. पिवळी आणि निळी दोन्ही टोकांना. निरोगी माणसं एकमेकांसारखी आहेत, आजारी माणसं विखुरलेली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यातलं अंतर पांढऱ्यांत ०.७, निळ्यांत १.६, पिवळ्यांत १.७. हे H ला दिसत नाही. गट एका बाजूला झुकला तरच त्याला कळतं. दोन्ही बाजूंना फाकला तर सरासरी क्रमांक मध्यातच राहतो. म्हणून ‘पसरटपणा असमान आहे, अनोव्हा चालत नाही, क्रस्कल–वॉलिस लावा’ हा सल्ला अर्धवट आहे. टोकाचा आकडा किंवा वेडावाकडा वक्र असेल तर ही चाचणी कामाची आहे. निव्वळ पसरटपणा असमान असेल तर वेल्चची अनोव्हा पाहावी. आणि मध्यकांबद्दल बोलायचं असेल, तर तिन्ही गटांच्या वक्रांचे आकार सारखे हवेत. इथे ते नाहीत.

[दृश्य: विद्यार्थिनी वहीत निकाल लिहिते.]

H रेषा ओलांडून गेला असता, तरी कोणता गट वेगळा ते कळलं नसतं. त्यासाठी जोड्यांची डनची चाचणी लागते. इथे तिची गरज नाही. चौदा माणसांत फरक सापडला नाही, एवढंच. वहीत H, पी-व्हॅल्यू आणि प्रत्येक गटातली संख्या लिहिली जाते, आणि शेजारी रंगांसह ती रांग काढली जाते.